पंचनाम्याच्या आधीचा कागद

पूर ओसरला की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो पंचनामा. त्यातल्या पीकनुकसानीच्या हिशेबाचं मूळ शेतसाऱ्यात आहे. पीक बुडालं तर सारा तहकूब करायचा की सूट द्यायची, हे ठरवण्यासाठी आणेवारी आली, पुढे तिची पैसेवारी झाली. म्हणून आजही हिशेब सातबाऱ्यावरून सुरू होतो. 33 टक्क्यांहून कमी नुकसान असलेलं शेत मदतीत बसत नाही. 2015 पर्यंत ही अट 50 टक्क्यांची होती. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या मजुराची बुडालेली रोजी या कागदात कुठेच येत नाही.

आज लोकांना काय लागतं, हा प्रश्न वेगळा. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आणलं आणि त्यांना पंचनाम्याची वाट न पाहता निर्णय घ्यावे लागू लागले. काय बुडालं आणि लोकांना लगेच काय हवं, हे सांगणारा झटपट नुकसान व गरज अहवाल कामाला येतो तो इथे; पंचनाम्याच्या आधीचा कागद तो हाच.

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी, खाली गोसीखुर्द धरणाचे उघडलेले दरवाजे. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली. अशा काठावरचं 900 वस्तीचं एक गाव समजा. विहिरींत पुराचं पाणी शिरलंय. माणशी रोज 15 लिटर धरले तर 13,500 लिटर पाणी हवं, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दोन फेऱ्या. विहिरी उपसून जंतुनाशक टीसीएल पावडर टाकेपर्यंत त्या चालूच ठेवाव्या लागतात. अहवालात हे असं लिहावं. ‘पिण्याच्या पाण्याची टंचाई’ एवढं लिहिलं तर तहसीलदार टँकर किती पाठवणार?

दुसरी नोंद वेळेची. घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर कपडे-भांड्यांची मदत लागू होते. पाणी कधी शिरलं, कधी उतरलं, हे त्याच दिवशी घरोघर विचारून लिहायला हवं. आठवड्याने भिंतीवरची खूण पाण्याची उंची सांगते, दिवस सांगत नाही.

धानाचं मात्र घाईने लिहू नये. पाणी ओसरल्यावर बांधीतला धान दोन दिवस हिरवा दिसतो, त्यानंतर बुडाशी सडलेला निघतो. पहिल्या फेरीत ‘अंशतः बाधित’ लिहिलं आणि तोच आकडा पुढे चिकटला, की 33 टक्क्यांची अट तिथेच आडवी येते. म्हणून पिकाच्या रकान्यात ‘प्राथमिक’ असं लिहून पुढच्या पाहणीची तारीख टाकावी. त्या तारखेला सहायक कृषी अधिकाऱ्याने बांधीत उतरून चार ठिकाणचे धानाचे चूड उपटून बघावेत. मुळं काळी पडून वास येत असेल, तर पान कितीही हिरवं दिसो, ते पीक गेलेलं असतं.