पार्श्वभूमी: स्कार्लेट फीवर, गोवर आणि सहा आठवड्यांची कोंडी

लहान मुलाला ताप आला आणि अंगावर पुरळ उठले की मराठी घरात पहिला संशय गोवराचा. पण घसा गिळवत नाही इतका दुखत असेल, नाक वाहत नसेल, खोकला नसेल आणि पोटावरून हात फिरवताना कातडी सँडपेपरसारखी खरखरीत लागत असेल, तर बहुधा तो स्कार्लेट फीवर असतो. सतराव्या शतकात लंडनमधल्या एका वैद्याने या तापाला वेगळे नाव दिले, तेव्हा त्याला तो किरकोळ आजार वाटला होता. एकोणिसाव्या शतकात त्याच आजाराने युरोप-अमेरिकेत एकेका घरातली तीन-तीन, चार-चार मुले नेली. 1880 नंतर त्याची धार पुन्हा उतरू लागली. पेनिसिलिन यायला तेव्हा साठ वर्षे अवकाश होता, त्यामुळे हे श्रेय औषधाला देता येत नाही.

आजच्या समजुतींवर सर्वाधिक छाप आहे ती याच उतरत्या काळाची. इंग्लंडमध्ये 1889 साली साथीच्या रोगांची वर्दी देण्याचा कायदा झाला. त्या यादीत स्कार्लेट फीवर होता, गोवर नव्हता. स्कार्लेट फीवरचे मूल सापडले की गाडी यायची, मूल तापाच्या रुग्णालयात जायचे आणि साधारण सहा आठवडे तिथेच राहायचे. आईवडिलांना बऱ्याच ठिकाणी फक्त खिडकीच्या काचेतून पाहू देत. खेळणी आणि पुस्तके घरी परत जात नसत, जाळली जात.

सहा आठवडेच का? या तापात पहिल्या आठवड्यानंतर कातडी सोलू लागते. आधी चेहरा आणि धड, मग बोटांची टोके, तळहात, तळपाय. तळव्यांचे सोलणे महिनाभरही चालते. त्या पापुद्र्यांतूनच रोग पसरतो अशी पक्की समजूत होती, म्हणून शेवटचा पापुद्रा गळेपर्यंत सुटका नाही. मुलांना तेल चोळणे, रोज आंघोळ घालणे, पायाचे तळवे तपासणे हा वॉर्डातला नित्यक्रम होता.

पण ताळा जमत नव्हता. तळवे पूर्ण स्वच्छ झालेले मूल घरी जायचे आणि काही दिवसांत धाकटे भावंड आजारी पडायचे. उलट, अजून कातडी सोलत असलेली मुले लवकर सोडून पाहिली, तर तसे काही विशेष घडेना. हळूहळू लक्ष कातडीवरून घशाकडे, वाहणाऱ्या नाकाकडे आणि फुटलेल्या कानाकडे गेले. जंतू तिथे होता. 1930च्या दशकात या जंतूचे, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसचे, उपप्रकार ओळखता येऊ लागले, तेव्हा आणखी अडचणीची गोष्ट उघड झाली. एका उपप्रकाराने आजारी पडून आलेले मूल वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा दुसरा उपप्रकार उचलत होते. संसर्ग तोडण्यासाठी उभारलेली जागाच तो फिरवत होती. माझ्या मते मुलांना सहा आठवडे कोंडण्याचा निर्णय त्या काळच्या ज्ञानामुळे क्षम्य असला, तरी पुरावा विरोधात गेल्यावरही तो इतकी वर्षे रेटला गेला, हे क्षम्य नाही.

गोवर यादीबाहेर राहण्यामागेही एक तर्क होता. गोवराचे मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग देत असते. तेव्हा त्याला फक्त सर्दी-खोकला असतो. पुरळ पाहून त्याला वेगळे काढेपर्यंत सगळा वर्ग बाधित झालेला असे, मग वर्दी घेऊन करायचे काय, असा सवाल होता. तर्क बरोबर होता, पण परिणाम विचित्र झाला. शतक संपताना इंग्लंडमध्ये गोवराने मरणारी मुले स्कार्लेट फीवरपेक्षा जास्त होती आणि खाटा मात्र स्कार्लेट फीवरसाठी राखलेल्या होत्या.

दोन्ही आजारांचा दिवसवार प्रवास शेजारी ठेवला की फरक स्पष्ट होतो. सहा वर्षांचे मूल सोमवारी सकाळी एकदम तापते, घसा लालभडक होतो, कधी उलटी होते. मंगळवारी मान, छाती, काखा आणि जांघेत बारीक पुरळ दिसते आणि दिवसभरात अंगभर पसरते. गाल लाल, पण ओठांभोवतीचा भाग फिका राहतो. कोपराच्या आणि काखेच्या घडीत लाल रेघा गडद होतात. जिभेवर पांढरा थर येतो, तो निघून गेला की खाली स्ट्रॉबेरीसारखी लाल, दाणेदार जीभ उरते. हा स्कार्लेट फीवर. गोवराच्या मुलाला सोमवारी ताप येतो, पण त्याबरोबर खोकला, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. दोन-तीन दिवसांनी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसू शकतात. पुरळ उठते ते गुरुवार-शुक्रवारी, कानामागे आणि केसांच्या कडेला, आणि तिथून चेहऱ्यावरून खाली उतरते. डाग मोठे असतात, एकमेकांत मिसळतात, पण हाताला खरखरीत लागत नाहीत.

जुन्या पुस्तकांतली वर्णने गोऱ्या कातडीवरून केलेली आहेत, हे इथे विसरता कामा नये. सावळ्या मुलाच्या अंगावर लाली नीट दिसत नाही. ती दाबल्यावर फिकी होते का, हेही कळणे कठीण जाते. अशा वेळी बोटांना लागणारी खरखर अधिक भरवशाची. उष्ण प्रदेशात हा ताप क्वचितच होतो, असे जुने वैद्यकीय ग्रंथ सांगत. त्यातला काही भाग तरी न दिसण्याचा असावा.

घसा धरलेल्या प्रत्येक मुलाला पुरळ का येत नाही, याचे उत्तर 1920च्या दशकात शिकागोमध्ये मिळाले. पुरळ जंतू नव्हे, त्याने सोडलेले विष उठवते. ज्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, त्याला त्याच जंतूने नुसती घसादुखी होते. हे विष बनवण्याचे जनुक जंतूला त्याच्यात शिरलेल्या विषाणूकडून मिळते, हे नंतर कळले.

पेनिसिलिन आल्यावर विलगीकरणाचा हिशेब सहा आठवड्यांवरून दिवसांवर आला. आज इंग्लंडमध्ये प्रतिजैविक सुरू केल्यावर 24 तासांनी मूल शाळेत जाऊ शकते. औषधाचा कोर्स मात्र सहसा दहा दिवसांचा असतो. मूल दोन-तीन दिवसांत खेळू लागते आणि पालक गोळ्या बंद करतात, गडबड नेमकी तिथे होते. घशात उरलेला जंतू पुढे संधिवाती ताप आणू शकतो, त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी हा धोका टळतो, त्यामुळे घशाच्या तपासणीसाठी एखादा दिवस थांबणे परवडते. गोवर विषाणूचा आजार, त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. तिथे लस आणि आजारात ‘अ’ जीवनसत्त्व.

हा ताप इतिहासजमा झाला असे वाटत असतानाच 2011 मध्ये हाँगकाँग आणि चीनमध्ये, 2014 पासून इंग्लंडमध्ये रुग्ण झपाट्याने वाढले. इंग्लंडमध्ये याच काळात एका उपप्रकाराची नवी शाखा पसरली, ती विष पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त बनवते. ही वाढ तिथे चटकन लक्षात आली, कारण तिथे वर्दीची सक्ती अजून आहे.

आपल्याकडे परिस्थिती बरोबर उलटी आहे. गोवर-रुबेलाच्या सर्वेक्षणात ताप आणि पुरळ असलेल्या मुलांचे रक्तनमुने तपासले जातात. दोन्ही आजार नसल्याचे अहवालात आले की ते मूल यादीतून ‘वगळले’ जाते. त्याच्या घशात काय होते, हे पाहायचे की नाही, ते ज्या डॉक्टरांकडे ते मूल गेले त्यांच्यावर सोडलेले असते.