शू रॅक दोन प्रकारचा असतो: बाकाचा आणि फ्लॅपचा

मिस्त्रीला नुसतं ‘दारापाशी एक शू रॅक करा’ म्हणू नका. त्या दोन शब्दांत दोन वेगळ्या वस्तू लपलेल्या आहेत. एक म्हणजे बसायचं बाक, ज्याच्या पोटात चपला ठेवायच्या. दुसरी म्हणजे भिंतीला चिकटलेलं पातळ कपाट. त्याची झाकणं पुढे कलतात आणि आत बूट उभे राहतात. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात: लाकडी रंग, वर गादी किंवा कुंडी, भिंतीवर चार हुक. म्हणून लोक सांगतात, ‘पातळ करा, पण बसताही आलं पाहिजे.’ मीही पहिल्या घरात हेच सांगितलं होतं. मिस्त्री भला माणूस, त्याने दहा इंच खोलीचं बाक करून दिलं. माझे बूट पावणेबारा इंचांचे. दारं लागेनात, म्हणून आम्ही बूट तिरके ठेवायला लागलो आणि चार जोड मावायच्या जागेत अडीच मावायला लागले. बसायला गेलं की अर्धी मांडी हवेत.

फरक कळायला एकच गोष्ट बघायची: बूट आत झोपतो की उभा राहतो? बाकात तो झोपतो, म्हणजे बुटाची लांबी हीच फर्निचरची खोली. घरातल्या सगळ्यात मोठ्या पायाचा बूट वर्तमानपत्रावर ठेवा, टाचेपासून टोकापर्यंत मोजा, त्यात इंचभर मोकळीक आणि मागची फळी-पुढचं दार धरा. आकडा तेरा-चौदा इंचांच्या आसपास येतो. त्याखाली उतरलात की माझ्यासारखी गत. फ्लॅपच्या कपाटात बूट टोक खाली करून जवळजवळ उभा राहतो. लांबी उंचीत जाते आणि खोलीला उरते फक्त बुटाची जाडी अन् थोडा कल. म्हणून हे कपाट सात-आठ इंचांत बसतं. एका फ्लॅपमध्ये मागे-पुढे दोन रांगा हव्या असतील तर साडेनऊ-दहा इंच धरा. पण लांबी गेली कुठे? वर. प्रत्येक फ्लॅपला तेरा-चौदा इंच उंची लागते. बाकाची उंची मात्र साडेसोळा-सतरा इंचांवर थांबवावी लागते, नाहीतर पाय लोंबकळतात. पातळ आणि बसायला योग्य, या दोन मागण्या एकाच वस्तूत मावत नाहीत त्या इथेच.

‘फ्लॅपचं एकमजली करून वर गादी टाकू’ असंही सुचवलं जातं. आठ इंचांवर माणूस बसत नाही, टेकतो. आणि टेकताना सगळा भार पुढच्या कडेवर येतो. असं कपाट मुळातच पुढे झुकायला बघतं, कारण फ्लॅप उघडला की बुटांचं वजन पुढे येतं. म्हणून ते भिंतीला स्क्रूने आवळलेलंच हवं, किमान दोन ठिकाणी, गिट्टी ठोकून. भिंत विटांची असेल तर प्रश्न नाही. हल्लीच्या टॉवरमधल्या हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी सैल पडते, तिथे त्या ब्लॉकसाठी मिळणारी लांब गिट्टी मागा. आणखी एक बारीक भानगड असते ती स्कर्टिंगची. टाइलची स्कर्टिंग भिंतीपासून अर्धा इंच पुढे आलेली असते. कपाट जमिनीवर उभं केलं तर खाली ते स्कर्टिंगला टेकतं आणि वर भिंतीपासून अर्धा इंच दूर राहतं. मिस्त्री तसाच स्क्रू आवळतो, कपाट मागे ओढलं जातं आणि महिन्याभरात फ्लॅप तिरके लागायला लागतात. वरचा फ्लॅप आपोआप उघडत असेल किंवा दोन फ्लॅपमधली फट एका बाजूला जास्त दिसत असेल, तर आधी पाठीमागे बोट घालून बघा. मागे पट्टी मारून घेतली किंवा कपाट स्कर्टिंगच्या वर, जमिनीपासून पाच इंचांवर टांगलं, की हा त्रास संपतो. शिवाय खालून फडकं फिरतं.

आता प्रत्यक्ष एक जागा घेऊ. पुण्यातला वन बीएचके, दार उघडल्यावर पावणेचार फूट रुंद आणि सात फूट लांब पॅसेज, मग हॉल. दार तीन फुटी, आत उघडणारं, बिजागऱ्या डाव्या भिंतीपासून चार इंचांवर. म्हणजे दार उघडून डाव्या भिंतीलगत जातं आणि ती बाजू पहिले तीन फूट बाद. उरली उजवी भिंत. ती अख्खी वापरता येईल असं वाटतं, पण दार अर्ध्यावर असताना त्याची कड पॅसेजमध्ये फिरते. खडू घ्या, दाराच्या कडेखाली धरा, दार हळू उघडा आणि जमिनीवर कमान उमटू द्या. या पॅसेजमध्ये चौदा इंची बाक दारापासून दोन फुटांच्या आत ठेवलं तर दार त्यावर आपटेल. आठ इंची कपाट मात्र सव्वा फुटापासून सुरू करता येतं. सहा इंच खोलीच्या फरकाने लांबीत जवळजवळ दहा इंच मिळतात, आणि छोट्या पॅसेजमध्ये दहा इंच म्हणजे आख्खी एक रांग. हे गणित कागदावर सोडवत बसू नका, खडू पुरे.

म्हणून इथे दाराकडून सतरा इंच सोडून अडीच फूट रुंदीचं, तीन फ्लॅपचं, आठ इंची कपाट. पुढे तीन इंच सोडून दोन फूट रुंद, चौदा इंच खोल बाक. हे सव्वासहा फुटांवर संपतं. बाकासमोर चालायला एकतीस इंच राहतात, गॅसचा सिलिंडर आरामात आत येतो. फ्लॅप उघडा असताना सव्वीस इंचच राहतात, पण तो घटकाभरच उघडा असतो. एका फ्लॅपमध्ये पुरुषांचे तीन जोड, बायकांच्या सपाट चपला असतील तर चौथा घुसतो. तिन्ही मिळून नऊ-दहा जोड आत जातात. बाकाच्या दोन कप्प्यांत रोजच्या वापराचे पाच. चौघांच्या घराला पुरतं, लग्नाच्या चपला आणि ट्रेकिंगचे उंच बूट सोडून. घोट्याच्या वरचे बूट फ्लॅपमध्ये जात नाहीत, जबरदस्ती केलीत तर आतली प्लॅस्टिकची पट्टी मोडते. त्यांना माळा.

कुठला जोड कुठे ठेवायचा, याचा निकाल पाऊस लावतो. जून ते सप्टेंबर ओली चप्पल फ्लॅपमध्ये टाकली की पाणी गळून खालच्या फ्लॅपमधल्या बुटांवर उतरतं, आणि बंद आठ इंचांत ते वाळतच नाही. आठ-दहा दिवसांत चामड्यावर पांढरी बुरशी. पहिली खूण वासाची नसते. सगळ्यात खालच्या फ्लॅपची कड हाताला खडबडीत लागते, मग कोपऱ्यातला सनमायका उचलतो. म्हणजे प्लायने पाणी प्यायलं. तर फ्लॅपमध्ये कोरडं आणि कधीमधी लागणारं, बाकाखाली ओलं आणि रोजचं. बाकाचा खालचा भाग म्हणूनच उघडा ठेवा, दारं नकोत. खालच्या कप्प्यात फळीऐवजी पट्ट्या आणि त्याखाली सरकवता येईल असा प्लॅस्टिकचा ट्रे. प्लायमध्ये पैसे वाचवायचे असतील तर कपाटात वाचवा. बाकाला आयएस ७१० छापलेलं मरीन प्लायच घ्या. दोन फुटाला मिळून फरक फार पडत नाही. बाक तीन फुटांचं करणार असाल तर मध्ये उभी फळी हवीच, नाहीतर अठरा एमएमची बैठक वर्षभरात मधोमध खोलगट होते.

बसणारा माणूस कोण, तेही बघा. माझ्या आईचे गुडघे दुखतात. सतरा इंचांवरून तिला उठवत नाही, अठरा-साडेअठरा लागतात. गादी धरूनच मोजा, पण दोन इंची फोम बसल्यावर इंचभर दबतो हेही धरा. आणि उठताना हात टेकायला काहीतरी हवं. इथे शेजारचं कपाट कामाला येतं. त्याचा माथा जमिनीपासून पावणेचार फुटांवर, बसलेल्या माणसाला थोडा उंचच. म्हणून आम्ही कपाटाच्या बाकाकडच्या बाजूला, बसल्यावर खांद्याच्या जरा खाली येईल असं बाथरूममध्ये लावतात तसलं उभं स्टीलचं हँडल मारलं. ‘हे कशाला?’ असं मिस्त्रीने विचारलं होतं. आता पाहुणेही तेच धरून उठतात.

हुक मात्र बाकाच्या वर लावू नका. सगळीकडे हीच चूक दिसते, कारण चित्रात ते सुंदर दिसतं. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण सव्वाचार-साडेचार फुटांवर येतं. साडेपाच फुटांवरच्या हुकाला ऑफिसची सॅक अडकवली तर ती खाली चार फुटांपर्यंत लोंबते. म्हणजे रोज सकाळी नाडी बांधताना मानेवर सॅक. हुकांची जागा फ्लॅपच्या कपाटावर. सॅकचं बूड कपाटाच्या माथ्यावर टेकतं, हुकावर भार कमी येतो आणि सात-आठ इंचांची सॅक कपाटाच्या बाहेर डोकावत नाही. हेल्मेटला हुकापेक्षा माथाच बरा. छत्री मात्र बाकाच्या कडेला, खालच्या हुकाला, म्हणजे ट्रेमध्ये गळते. मुलाची शाळेची बॅग बाक संपल्यावर उरलेल्या नऊ-दहा इंचांत, सव्वातीन फुटांवर. त्याच्या हाताला येईल तिथे हुक असला तर तो लावतो. नसला तर बॅग सोफ्यावर.

आमच्याकडे हुकांची जागा शेवटच्या क्षणी बदलावी लागली. बिल्डरने विजेच्या मेन स्विचची पेटी बरोबर कपाटाच्या वर, हुकांच्या रांगेतच बसवली होती. हुकांची पट्टी लावून झाल्यावर लक्षात आलं की जॅकेट टांगलं की पेटीचं झाकण उघडत नाही. रात्री लाइट गेल्यावर अंधारात चार जॅकेटं बाजूला करत ट्रिप झालेला स्विच शोधायचा, म्हणजे झालंच. पट्टी कापून दोन तुकडे केले, मध्ये पेटीपुरती दीड फुटाची भिंत मोकळी सोडली. पाचऐवजी तीनच हुक राहिले. जुनी दोन भोकं पांढऱ्या लांबीने बुजवली आहेत, पण नीट बघितलं तर अजून दिसतात.