ब्लेड, दोरी आणि काचेची नळी: सर्पदंशावरील उपचारांची पार्श्वभूमी

सर्पदंशाच्या जखमेवर चिरा देणं हा अडाणीपणा मानला जातो, पण एकेकाळी तो अधिकृत वैद्यकीय सल्ला होता. 1904 मध्ये ब्रंटन, फेअरर आणि रॉजर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी एक छोटं उपकरण पुढे आणलं. त्याच्या एका टोकाला पातं होतं, दुसऱ्या टोकाला पोटॅशियम परमँगनेटचे खडे. दंशावर चीर द्यायची आणि पूड चोळायची. हिंदुस्थानात ही उपकरणं वाटलीही गेली. काचपात्रात परमँगनेट विष निकामी करतं, हे खरंच होतं. शरीरात शिरलेल्या विषापर्यंत मात्र ते पोहोचत नाही.

खरा उतारा त्याआधीच सापडला होता. फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांनी 1890 च्या दशकात नागाच्या विषाविरुद्ध प्राण्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार केलं. ते सगळ्याच सापांवर चालेल, असं त्यांना वाटत होतं. पण घोणशीच्या विषापुढे ते फिकं पडलं. म्हणूनच आज आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषांविरुद्ध एकत्र बनवलेलं असतं.

चिरा देण्यात सर्वात मोठा धोका आहे तो घोणशीच्याच दंशात. समजा, भातकापणीत कुणाच्या घोट्याला घोणस चावली. तिचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं, त्यामुळे ब्लेडने दिलेली चीर वाहतच राहते. मांडीला करकचून दोरी बांधली, तर पायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि विष तिथेच साचून मांस सडवतं. वाटेत कुणी घाईने ती सोडली, तर अडलेलं विष एकदम अंगभर पसरतं. म्हणून आधीच बांधलेली दोरी दवाखान्यात, डॉक्टरांसमोरच सोडतात. घरच्यांनी एवढंच करावं: अंगठ्या-पैंजण काढावेत, हाड मोडल्यावर बांधतात तशी पायाला फळी बांधावी, चालू न देता गाडीत घालावं.

दवाखान्यात एका साध्या, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच वाहिलं, तर सहसा 10 बाटल्या प्रतिविष सलाईनमधून सुरू होतं. मुलांनाही तेवढंच, कारण साप मुलाला कमी विष देत नाही. औषध घोड्याच्या रक्तातलं, त्यामुळे अंगावर गांध्या उठल्या, धाप लागली की ॲड्रेनॅलिन टोचावं लागतं. ते भरून शेजारी ठेवलेलंच बरं.

सहा तासांनी पुन्हा तीच नळी. रक्त अजूनही गोठत नसेल, तर पुढचा डोस. दरम्यान लघवी मोजतात, कारण घोणस मूत्रपिंड निकामी करू शकते. नाग-मण्यारीच्या रुग्णात पापण्या मिटतात का, मान उचलता येते का हे बघतात. श्वासाचे स्नायू ढिले पडले, तर व्हेंटिलेटर लागतो. काहीच लक्षण नसलं, तरी किमान 24 तास ठेवून घेतात. घरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आलं, तर तो प्रतिविषाचाच उशिराचा त्रास असू शकतो, आणि त्यासाठी पुन्हा दाखवायला जावं लागतं.