सिकलसेलची चिठ्ठी पॉझिटिव्ह आली, म्हणजे नक्की काय?

परवा समाजाच्या मीटिंगमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर बोललो आणि नंतर बराच वेळ लोकं शिबिरातल्या टेस्टच्या चिठ्ठ्या घेऊन उभी होती, सगळ्यांचा प्रश्न एकच, डॉक्टर पॉझिटिव्ह आलंय, आता काय? आमच्या लॅबमध्येही रोज हेच विचारतात, म्हणून तिथे बोललो ते इथे लिहून ठेवतोय.

शिबिरात बहुतेक वेळा सोल्युबिलिटी टेस्ट करतात. नळीतल्या केमिकलमध्ये थोडंसं रक्त टाकायचं, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे धरलेल्या काळ्या रेघा आरपार दिसतात का बघायचं. दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन लपल्या तर पॉझिटिव्ह. पण ही नळी एवढंच सांगते की रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. किती आहे, आणि सोबत नॉर्मल हिमोग्लोबिन आहे का, हे तिला कळत नाही. म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकल मिळालेला एएस वाहक असो की दोघांकडून मिळालेला एसएस रुग्ण, दोघांची नळी सारखीच गढूळ.

आमच्याकडे एक आई दोन मुलांना घेऊन आली होती, नऊ वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा, दोघांच्या चिठ्ठ्या पॉझिटिव्ह. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार किती टक्के हे मोजणारी टेस्ट, केली तर मुलीचं सिकल हिमोग्लोबिन ३८ टक्के आणि बाकी जवळजवळ सगळं नॉर्मल, म्हणजे ती वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, औषध लागत नाही. मुलाचं सिकल ८० टक्के आणि नॉर्मल ए अजिबात नाही, उरलेलं बहुतेक लहान बाळांचं एफ. तो रुग्ण. एकच चिठ्ठी, दोन वेगळी आयुष्यं. मग आईवडिलांचीही टेस्ट केली, दोघेही एएस निघाले, आणि अशा जोडप्यात प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस बाळाची असते, आधीच्या मुलांचं काहीही असो.

त्यामुळे आम्ही चिठ्ठीवर कुणालाच रुग्ण म्हणत नाही आणि दुसरी टेस्ट सांगतो. ही दुसरी टेस्ट उगाच बिल वाढवायला आहे असं काहींना वाटतं, पण चुकीचा शिक्का बसलेली माणसं मी पाहिली आहेत, ते पुसायला वर्षं जातात.

आणि एक चूक जी आमचा आणि तुमचाही वेळ खाते: आधी रक्त चढवलंय हे सांगत नाहीत. दुसऱ्याचं नॉर्मल रक्त मिसळलं की रुग्णाचा रिपोर्ट वाहकासारखा दिसू शकतो, मग सगळं पुन्हा करावं लागतं. रक्त चढवून तीन-चार महिने झाले नसतील तर सॅम्पल देण्याआधीच सांगा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर सोल्युबिलिटी चालतच नाही, एफ जास्त असल्याने खोटं निगेटिव्ह येऊ शकतं.

आता पाण्याचं. त्या मुलाला पहाटे पाय दुखून रडू यायचं. आईला विचारलं तर म्हणाली, "हा रात्री अंथरूण ओलं करतो, म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद केलंय." तिला कोणीच सांगितलं नव्हतं की सिकलमध्ये किडनीचा पाणी धरून ठेवणारा भाग लहानपणीच बिघडतो, लघवी भरपूर आणि पातळ होते, म्हणून अंथरूण ओलं होतं, मुलाचा त्यात काही दोष नाही. अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशीतलं पाणीही कमी होतं, हिमोग्लोबिन दाटीवाटीने बसतं, ऑक्सिजन सोडला की त्याच्या दोऱ्या लगेच तयार होतात, पेशी विळ्यासारखी होऊन बारीक नसेत अडकते, आणि तीच कळ. मी पाणी परत सुरू करायला लावलं आणि रात्री एकदा उठवून लघवीला न्यायला सांगितलं. कळा बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण थांबल्या नाहीत, तसं वचन मी देतही नाही.

इथे एक फसवणूक लक्षात ठेवा. बाकीच्यांना सांगतात की लघवी फिकट म्हणजे पाणी पुरेसं. एसएस रुग्णाची लघवी पाणी कमी पडलं तरी फिकटच राहू शकते, म्हणून रंग बघू नका, पाणी मोजून प्या. मोठ्या माणसाला साधारण तीन लिटर, ताप, जुलाब, उन्हातलं काम किंवा प्रवास असेल तर अजून जास्त, आणि मुलांचं वजनावर ठरतं. किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. एकदम गार पाण्यात पोहणं, थंडीत कुडकुडणं, दमछाक होईपर्यंत पळणं, दारू, यांनीही कळ उठते.

एसएस रुग्णाला ताप ३८.५ सेल्सिअसच्या, म्हणजे साधारण १०१ फॅरेनहाइटच्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, एकदम पांढराफटक पडून पोट फुगलं, किंवा तोंड वाकडं-हात लुळा झाला, तर पाणी पाजत घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आमच्याकडे येताना जुनी चिठ्ठी, आधीचे रिपोर्ट आणि शक्य असेल तर जोडीदारालाही सोबत आणा. रिपोर्ट हातात देऊन पाठवत नाही, बसून समजावतो, अर्धा तास लागला तरी चालेल.