भूकंपात मातीचा रेटा

"भिंतीला माती टेकलेलीच आहे, मग भूकंपाचा वेगळा रेटा कशाला धरायचा?"

कारण हादऱ्यात मागची मातीची पाचर स्वतःच्या जडत्वाने भिंतीवर आणखी रेटते. 4 मीटरची रिटेनिंग वॉल घ्या. मागे कोरडी, सपाट भरलेली वाळू, वजन घनमीटरला 18 किलोन्यूटन, घर्षणकोन 30 अंश. एरवीचा रेटा मीटरमागे 48 किलोन्यूटन. आडवा भूकंप गुणांक 0.12 धरला, तर सीड-व्हिटमनच्या ढोबळ सूत्राने 13 ची भर पडते. किरकोळ वाटते ना? पण एरवीचा रेटा तळापासून 1.33 मीटरवर लागतो, ही भर 2.4 मीटरवर. म्हणून पायथ्याचा मोमेंट 64 वरून 95 वर, जवळपास दीडपट होतो. उभी सळई तिथेच कमी पडते.

बेसमेंटची भिंत स्लॅबने जखडलेली असते, सरकत नाही. तेवढ्याच उंचीला, त्याच मातीसाठी तिला भूकंपाशिवायही मीटरमागे 72 किलोन्यूटन रेटा धरावा लागतो. सीड-व्हिटमनचे सूत्र सरकणाऱ्या भिंतीचे. तिथे तसेच लावू नका.