टाकी भरली, मोटर बंद करा: आवाज चिपमधून मेमरी कार्डावर कसा आला

पाण्याच्या टाकीला बोलता येत नव्हते तेव्हा ती गाणे वाजवायची. यूएम ६६ नावाची तीन पायांची चिप, दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखी. तिला दीड ते साडेचार व्होल्ट दिले की आत कोरलेली एकच धून वाजत राहायची. टाकीच्या काठाशी दोन तारा सोडायच्या, पाणी तिथवर पोचले की ट्रान्झिस्टर चालू, आणि स्वयंपाकघरात धून सुरू. अडचण एवढीच, की तीच धून दाराच्या घंटेला आणि मागे येणाऱ्या गाडीलाही असायची. आवाज आला म्हणजे काहीतरी झाले एवढेच कळे. काय झाले ते उठून बघावे लागे.

पुढे बाजारात बोलणारे अलार्म आले. त्यांच्या सर्किटवर काळ्या लाखेच्या थेंबाखाली चिप असते आणि वाक्य कारखान्यातच तिच्यात कायमचे उतरवलेले असते. भाषा, आवाज, शब्द सगळे बनवणाऱ्याने ठरवायचे. ‘खालचा हौद रिकामा आहे’ असे वाक्य त्याने घातले नसेल तर ते तुम्हाला मिळणार नाही.

स्वतःचे वाक्य स्वतः भरण्याची सोय हौशी लोकांच्या हाती आली ती अमेरिकेतल्या आयएसडी कंपनीच्या चिपांमुळे, १९९० च्या दशकात. त्यांची युक्ती विलक्षण होती. आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजला जातो, त्या मोजणीतला प्रत्येक नमुना आकड्यात न बदलता त्या चिपा तो स्मृतीच्या एकाच पेशीत विजेच्या पातळीच्या रूपात साठवत. आयएसडी २५६० मध्ये अशा सुमारे ४,८०,००० पेशी होत्या. सेकंदाला ८,००० नमुने धरले की साठ सेकंद भरतात. तोच आवाज आठ-आठ बिटांच्या आकड्यांत ठेवला असता तर साध्या स्मृतीत आठपट पेशी लागल्या असत्या. शिवाय वीज गेली तरी आवाज राहायचा. भारनियमनाच्या काळात टाकीच्या अलार्मासाठी हा गुण आवाजाच्या दर्जापेक्षा मोठा होता.

दर्जा टेलिफोनचाच होता. सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचे सगळे गाळले जाई, त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ बोथट ऐकू येत. रेकॉर्डिंग मायक्रोफोन लावून थेट चिपमध्ये व्हायचे, म्हणजे मागे फिरणारा पंखाही कायमचा त्यात. खरी कटकट मात्र पत्त्यांची, म्हणजे कुठले वाक्य चिपमध्ये कुठून सुरू होते त्या आकड्यांची होती. साठ सेकंद १००-१०० मिलिसेकंदांच्या ६०० कप्प्यांत वाटलेले असत. पहिले वाक्य चार सेकंदांचे धरून दुसरे चाळिसाव्या कप्प्यापासून भरले आणि नंतर पहिल्यात ‘कृपया’ वाढवले, तर ते दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढणार. मग पुढची सगळी वाक्ये पुन्हा बोलायची आणि प्रोग्रॅममधले पत्ते पुन्हा बसवायचे. आजही शाळेच्या प्रकल्पांत दिसणारे आयएसडी १८२० चे छोटे मॉड्यूल याच घराण्यातले. ते साधारण दहा सेकंदांचे एकच वाक्य बोलते. एका टाकीला तेवढे पुरते.

१९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी एसडी कार्ड आणले. ते कॅमेऱ्यांसाठी आणि म्युझिक प्लेअरसाठी होते, पण त्यात जोडणीची एक साधी पद्धत ठेवलेली होती आणि कुठलाही छोटा मायक्रोकंट्रोलर ती वापरू शकत होता. आर्डुइनो हा हौशी लोकांचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आल्यावर लोकांनी कार्डावरच्या वेव्ह फायली त्यावरूनच वाजवायला सुरुवात केली. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी जागा ३२ किलोबाइट. सेकंदाला ८,००० नमुन्यांचे, आठ बिटांचे चार सेकंदांचे वाक्य होते ३२,००० बाइट. म्हणजे ‘टाकी भरली आहे, मोटर बंद करा’ एवढ्या एका वाक्याने सगळी जागा खाल्ली असती; कार्ड हवेच होते. पण कार्ड वाचण्यासाठी ५१२ बाइटांचा साठा लागे आणि उनोची रॅम सगळी मिळून २ किलोबाइट. शिवाय आवाज चालू असताना पाण्याची पातळी मोजायची तर आवाज अडखळे.

यावर उत्तर मिळाले ते स्वस्त एमपी३ प्लेअरच्या बाजारातून. तिथल्या चिपा कार्डही वाचत, एमपी३ही उलगडत, आणि मायक्रोकंट्रोलरला फक्त ‘अमुक वाजव’ एवढे सांगायचे काम उरे. डीएफप्लेअर मिनी हे त्यातले सर्वांत पसरलेले मॉड्यूल: वायएक्स ५२०० चिप, मायक्रोएसडीची खाच, छोटा स्पीकर थेट चालवेल असा अ‍ॅम्प्लिफायर. आठ किलोहर्ट्झच्या त्या वेव्ह फायलीएवढ्याच जागेत, ६४ केबीपीएसच्या एमपी३मध्ये, ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ ऐकू येतात. आणि वाक्य बदलायचे तर फाइल बदलायची. आजीच्या आवाजात, मालवणीत, काय हवे ते.

पण मॉड्यूलचा जन्म प्लेअरचा आहे हे त्याच्या खोडींत दिसत राहते. त्याचा क्रमांकाने वाजवण्याचा मूळ हुकूम असा:

```
7E FF 06 03 00 00 01 FE F7 EF
```

यातला `03` म्हणजे ‘कार्डावरचे अमुक क्रमांकाचे गाणे वाजव’ आणि `FE` च्या आधीचा `00 01` म्हणजे क्रमांक १. हा क्रमांक फाइलच्या नावावरून ठरत नाही, कार्डावर ती कितवी उतरवली त्यावरून ठरतो. समजा तीन वाक्ये आहेत: टाकी भरली, टाकी अर्धी, हौद रिकामा. नंतर पहिले पुन्हा रेकॉर्ड केले, जुनी फाइल पुसली आणि नवी टाकली. नाव तेच असले तरी ती यादीत शेवटी जाऊ शकते, आणि मग टाकी भरल्यावर घरात घोषणा होते ‘टाकी अर्धी’. लोक सेन्सर तपासत बसतात. उपाय म्हणजे `mp3` नावाच्या फोल्डरमध्ये `0001.mp3` अशी चार आकडी नावे द्यायची आणि `12` चा हुकूम पाठवायचा. तो नावातला आकडा पाहतो:

```
7E FF 06 12 00 00 01 FE E8 EF
```

दुसरी खोड टाकीवरच उघडी पडते. वरून पाणी पडत असते, पृष्ठभाग हलतो आणि सेन्सर क्षणात ‘भरली’ तर क्षणात ‘नाही’ म्हणतो. प्रत्येक ‘भरली’ला नवा हुकूम गेला की मॉड्यूल चालू वाक्य सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, गाणे बदलणाऱ्या प्लेअरला तेच शोभते. ऐकू येते ‘टाकी, टाकी, टाकी’. म्हणून एकदा घोषणा झाली की पातळी चांगली खाली, समजा नव्वद टक्क्यांच्या आत, येईपर्यंत पुढची घोषणा करायची नाही. आणि दुसऱ्या सेन्सरची घोषणा मध्येच घुसू नये म्हणून हुकूम देण्याआधी `BUSY` पिन पाहायची. आवाज चालू असताना ती शून्यावर असते.

वीज परत आल्यावरही असेच होते. मॉड्यूल आधी कार्ड चाळते, त्याला दीड ते तीन सेकंद लागतात, आणि त्या वेळात आलेला हुकूम हरवतो. टाकी आधीच भरलेली असेल तर घोषणा होतच नाही. सुरुवातीला चार सेकंद थांबले की हे मिटते.

वेगळी चिप घातलेल्या नकला मात्र अशाच पाटीवर, याच नावाने मिळतात आणि काही हुकूम वेगळ्या रीतीने पाळतात. त्यामुळे दुसऱ्याचा चालता प्रोग्रॅम आपल्या मॉड्यूलवर चालला नाही, तर आधी चिपवरचा छापील क्रमांक वाचावा.