एसओपी तपासताना आम्ही नेमके काय पाहतो : केळी पिकवण्याच्या एका चेंबरवरून

आमच्याकडे डाळ मिलचे, जिनिंगचे, पाइप कारखान्याचे असे बरेच कागद येतात. 'एवढी एसओपी वाचून द्या' म्हणून मालक फाइल ठेवून जातात. आम्ही काय वाचतो हे तोंडी समजावताना दर वेळी अर्धा तास जातो, म्हणून हे माहितीपत्रक. उदाहरण एकच घेतले आहे : रावेर पट्ट्यातल्या एका ग्राहकाचे केळी पिकवण्याचे चेंबर. (त्यांच्या परवानगीने, नाव गाळले आहे.) तुमचा धंदा वेगळा असला तरी वाचा. चुका तशाच सापडतील.

चेंबरच्या दाराशेजारी लॅमिनेट करून लावलेला कागद असा होता :

1. माल आल्यावर क्रेट नीट लावावेत.
2. चेंबर बंद करून कूलिंग सुरू करावे.
3. तापमान 18 झाल्यावर गॅस सोडावा.
4. 24 तास झाल्यावर आत जाऊन रंग पाहावा व हवा पालटावी.
5. पंखे सुरू असल्याची खात्री करावी.
6. गरजेनुसार तापमान कमी करत जावे.
7. गॅस तपासावा.
8. आत कोणी नसल्याचे पाहावे.

मालकांची तक्रार कागदाबद्दल नव्हतीच. उन्हाळ्यात काही लॉट बिघडत होते. बाहेरच्या क्रेटमधली केळी झकास पिवळी, पण थप्पीच्या पोटातल्या क्रेटमधली साल हिरवट आणि आतला गर मात्र मऊ. त्यांना वाटत होते, माल देणारा शेतकरीच कच्चा घड तोडतो.

आम्ही आधी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. तापमान 18 म्हणजे कशाचे? दिवसपाळीच्या माणसाला वेगळे बसवून विचारले. तो म्हणाला, "पॅनलवर दिसतं ना, ते." रात्रपाळीच्या माणसाला विचारले. तो म्हणाला, "दादा, मी तर फळात सुई खुपसतो. पॅनल हवेचं सांगतं." एकच ओळ, दोन माणसे, दोन कामे. दोघेही कागदाप्रमाणेच वागत होते. भांडण झाले असते तर दोघांनी त्याच ओळीवर बोट ठेवले असते.

फरक किती पडतो हे मे महिन्यातल्या एका लॉटवर मोजले. ट्रक दुपारी चारला आला, तेव्हा फळाचा गर 33 अंशांवर होता. रात्री नऊला पॅनलवर 18 दिसले. त्याच वेळी थप्पीच्या मधल्या क्रेटमधल्या केळ्यात सुई घातली तर 26. गर 18 वर यायला सकाळ झाली. हवा लवकर थंड होते, क्रेटच्या पोटातले केळे उशिरा होते. शिवाय हिरवे केळे श्वसन करताना स्वतःच उष्णता सोडते. बसराई असो की ग्रँड नैन, गर साधारण 24 अंशांच्या वर असताना पिकला तर तो मऊ होतो, पण सालीतला हिरवा रंग पुरता उतरत नाही. पॅनल बघून नऊला इथिलीन सोडले की तो माल असाच निघणार. शेतकऱ्याचा त्यात काही दोष नव्हता.

दुरुस्त ओळ आम्ही अशी लिहिली : 'पाळी प्रमुखाने थप्पीच्या मधल्या ओळीतील वरचा, मधला व खालचा असे तीन क्रेट निवडून प्रत्येकातील एका केळ्याच्या गरात प्रोब घालावा. तिन्ही आकडे 16 ते 18 च्या दरम्यान असतील तरच पुढची पायरी. एकही 18 च्या वर असेल तर एक तास थांबून पुन्हा मोजावे. एकही 16 च्या खाली असेल तर कूलिंग कमी करून मालकांना फोन करावा.' ओळ लांब झाली हे खरे. पण कोणी, कुठे, कशाने, किती आणि जमले नाही तर काय, ही पाच उत्तरे तिच्यात आहेत. जुन्या ओळीत यातले फक्त 'किती' होते.

आता मराठीमुळे होणाऱ्या गफलती. त्या इंग्रजी नमुन्यावरून तपासणाऱ्याला दिसत नाहीत. दुसऱ्या ओळीतले 'चेंबर बंद करून' बघा. आपल्या बोलण्यात दार लावणे म्हणजेही बंद करणे आणि मशीन थांबवणे म्हणजेही बंद करणे. नवा पोरगा कूलिंगचे बटण दाबून उभा राहिला तर त्याला दोष देता येत नाही. सातव्या ओळीतला 'गॅस' त्याहून घातक. चेंबरवाल्यांच्या तोंडी गॅस म्हणजे पिकवणीचे इथिलीन, आणि कूलिंगच्या मिस्त्रीच्या तोंडी गॅस म्हणजे मशीनमधला थंडाव्याचा गॅस. 'गॅस तपासावा' वाचून एक जण इथिलीनचे मीटर बघेल, दुसरा मिस्त्रीला फोन लावेल. इथिलीनची कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा 100 पीपीएम आहे, म्हणजे ही ओळ मोघम ठेवून चालणारच नाही. आम्ही सगळीकडे 'इथिलीन' आणि 'कूलिंग मशीनचा गॅस' असे वेगळे शब्द घातले, आणि 'बंद' हा शब्द फक्त दारासाठी ठेवला. मशीनसाठी 'थांबवा'.

'नीट', 'गरजेनुसार', 'पुरेसे', 'थोड्या वेळाने', 'व्यवस्थित' हे शब्द दिसले की आम्ही पेन्सिलीने गोल करतो. यात फार डोके लागत नाही, तुम्ही स्वतः करू शकता. फक्त एक सांगतो : गोलाच्या जागी घाईने आकडा भरू नका. 'गरजेनुसार तापमान कमी करत जावे' इथे आम्ही काहीच लिहिले नाही, मोकळी चौकट ठेवून परत पाठवले. चौथ्या दिवशी किती अंश ठेवायचे हे तुमच्या बाजाराचे अंतर, मालाची जात आणि चेंबर बसवणारा तंत्रज्ञ ठरवतो. आम्ही भाषा आणि क्रम तपासतो, केळी पिकवत नाही. ज्या तपासणाऱ्याकडून सगळ्या चौकटी भरून येतात त्याच्यापासून जरा सांभाळून. चौकट भरणाऱ्या तंत्रज्ञाला तळमर्यादा मात्र लिहायला लावा, कारण 13 अंशांच्या खाली केळ्याला थंडी बाधते आणि साल राखी, निस्तेज होते.

क्रमाची तपासणी वेगळी करावी लागते. वाचताना मन आपोआप सगळे सरळ करून घेते, म्हणून चुकलेला क्रम नुसत्या वाचण्याने दिसत नाही. आम्ही प्रत्येक पायरी वेगळ्या चिठ्ठीवर लिहितो. चिठ्ठीच्या डाव्या बाजूला 'हे करण्याआधी काय झालेले हवे' आणि उजव्या बाजूला 'हे केल्यावर काय झालेले असेल'. मग चिठ्ठ्या कागदाच्या क्रमाने टेबलावर मांडतो. ज्या चिठ्ठीच्या डाव्या बाजूचे तिच्या आधीच्या एकाही चिठ्ठीच्या उजव्या बाजूला सापडत नाही, तिथे गडबड.

वरच्या कागदात तशा तीन जागा निघाल्या. इथिलीन सोडताना ते सगळ्या क्रेटपर्यंत सारखे पोचायला पंखे चालू हवेत, आणि पंख्यांची ओळ इथिलीननंतर दोन ओळींनी येते. आत कोणी राहिले नाही हे दार लावण्याआधी बघायचे, आणि ती ओळ शेवटी आहे. ही आठवी ओळ अशी का राहिली, हे विचारल्यावर कळले. काही वर्षांपूर्वी एक हमाल आत क्रेट लावत असताना कोणीतरी बाहेरून दार ओढून घेतले. लगेच लक्षात आले म्हणून निभावले. त्यानंतर मालकांनी ओळ वाढवली, ती टाइप करणाऱ्याने जिथे जागा होती तिथे, म्हणजे तळाला टाकली. क्रम चुकलेली ओळ बहुतेक वेळा अशी नंतर आलेली असते. फाँट वेगळा, शाई वेगळी किंवा वाक्याचा सूर वेगळा दिसला की आम्ही आधी तिथेच बघतो.

तिसरी जागा चौथ्या ओळीच्या पोटात आहे : 'आत जाऊन रंग पाहावा व हवा पालटावी'. मराठीत 'जाऊन' म्हटले की आधी जाणे हे पक्के होते. 'व' मात्र क्रम सांगत नाही, पण वाचणारा तो लावून घेतो. म्हणजे माणूस आधी आत जाणार, हवा नंतर पालटणार. चोवीस तास बंद असलेल्या चेंबरमध्ये केळ्यांनी ऑक्सिजन ओढलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. माणसाला चक्कर येऊ शकते. तो वायू एक टक्क्याच्या वर गेला तर पिकणेही मंदावते, म्हणजे हवा पालटणे मालासाठीही आधीच हवे. नवी ओळ दोन तुकड्यांत झाली : आधी दार पूर्ण उघडून, पंखे चालू ठेवून 30 मिनिटे बाहेर थांबणे, आणि मग आत जाऊन रंग पाहणे.

त्याच ओळीतले '24 तास' कशापासून मोजायचे, हाही प्रश्न होताच. दार लावल्यापासून, कूलिंग सुरू केल्यापासून की इथिलीन सोडल्यापासून? मेमधल्या त्या लॉटमध्ये पहिल्या आणि शेवटच्या वेळेत बारा तासांहून जास्त अंतर होते. आता दारावर पाटी आहे. इथिलीन सोडणारा खडूने दोन वेळा लिहितो : 'इथिलीन सुरू : मंगळवार सकाळी 7:40. दार उघडणे : बुधवार सकाळी 7:40.' पाळी बदलली तरी हिशेब करायची गरज नाही.

एक सावधगिरी. क्रम लावायच्या उत्साहात सगळ्याच कामांना आकडे देऊ नका. रजिस्टरमध्ये लॉट नंबर लिहिणे आणि क्रेट उतरवणे यात आधी-मागे काही नाही. तिथे 'ही कामे कोणत्याही क्रमाने' असे स्पष्ट लिहावे. नाहीतर हमाल खोळंबतात, दोन दिवसांनी कागद पाळणे सोडतात, आणि मग जिथे क्रम खरोखर महत्त्वाचा आहे तिथलाही पाळत नाहीत.

शेवटची तपासणी आम्ही जागेवर, रिकाम्या चेंबरमध्ये करतो. एक जण कागद मोठ्याने वाचतो, दुसरा फक्त ऐकलेले करतो, स्वतःच्या अनुभवातले काही घालायचे नाही. तुमच्याकडे कोणी अहिराणी बोलते, कोणी लेवा बोली, सातपुड्यातून आलेले पावरी बोलतात, आणि कागद मात्र 'करण्यात यावे' अशा कचेरीच्या मराठीत असतो. म्हणून करणाऱ्याला प्रत्येक पायरी आधी त्याच्या बोलीत सांगायला लावतो. जिथे तो अडखळतो ती ओळ आम्ही पुन्हा लिहितो, त्याला पुन्हा समजावत बसत नाही. या चेंबरवर अशी फेरी दोनदा झाली. दुसऱ्या फेरीत करणारा 'वरचा क्रेट' ऐकून पहिल्या ओळीचा क्रेट काढायला गेला, म्हणून 'सर्वांत उंचावरचा' असे करावे लागले.

कागद पाठवताना ऑफिसातली टाइप केलेली फाइल पाठवू नका. कामाच्या जागी भिंतीवर जो लावला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, पेनाने केलेल्या खाडाखोडीसह. दोन्ही पाळ्यांतला एकेक माणूस आमच्याशी फोनवर वेगवेगळा बोलू शकेल अशी वेळ कळवा, आणि त्यांना आधी एकत्र बसवून 'काय सांगायचे' ते ठरवून देऊ नका.